टेम्पोत मावेल का? घर हलवण्याआधीचा एक तासाचा हिशोब

टेम्पोवाल्याला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सामान किती आहे?" आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "वन बीएचकेचं आहे." या उत्तरातून त्याला खोल्या कळतात, सामान कळत नाही. नव्या जोडप्याचं वन बीएचके छोटा हत्तीच्या एका खेपेत जातं. पंधरा वर्षं एकाच घरात राहिलेल्या कुटुंबाचा नुसता माळा रिकामा करायला अर्धी गाडी लागते. मग टेम्पोवाला अंदाजाने गाडी पाठवतो. ती लहान निघाली तर सोफा सोसायटीच्या फाटकाशी उरतो आणि दुसऱ्या खेपेच्या भाड्याची घासाघीस हमालांच्या देखत होते. मोठी निघाली तर रिकाम्या जागेचं भाडं भरावं लागतं.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांवर ही वेळ पुन्हा पुन्हा येते. ती टाळायला मोजपट्टी, शाळेतल्या गणिताची चौकटींची वही आणि एक निवांत तास पुरतो. हिशोब दोन टप्प्यांत करायचा. आधी घनफूट काढायचे, मग हौद्याच्या जमिनीचा नकाशा. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यावर थांबतात आणि फसतात.

आधी गाडी मोजा

शहरात घरसामानासाठी सहसा तीन आकारांच्या गाड्या मिळतात. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, सर्वांत लहान. तिचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. त्याहून मोठी पिकअप, सुमारे ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. तिसरा ४०७ जातीचा टेम्पो. टाटांची मूळ ४०७ गाडी १९८६ सालची, पण त्या मापाच्या कुठल्याही टेम्पोला लोक आज ४०७ म्हणतात. त्याचा हौदा साधारण १० फूट बाय ६ फूट असतो.

ही मापं ढोबळ आहेत. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे हौदेही वेगळे निघू शकतात. म्हणून फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आतली लांबी, आतली रुंदी आणि गाडी उघडी आहे की बंद. बंद असेल तर आतली उंचीही विचारावी. गोदरेजसारखं जुन्या पद्धतीचं स्टीलचं कपाट साडेसहा फूट उंच असतं. बंद गाडीची आतली उंची ६ फूट असेल तर ते उभं राहणारच नाही, आणि या एका गोष्टीने पुढचा सगळा नकाशा बदलतो.

सामानाचे घनफूट

आता घरातली एकेक वस्तू मोजायची. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन गुणायची. सोफ्याचा हात किंवा कपाटाचा मुठीसारखा भाग जिथे सर्वांत पुढे येतो, तिथून माप धरायचं. उदाहरणादाखल कोथरूडहून चिंचवडला निघालेलं तिघांचं घर घेऊ.

स्टीलचं कपाट ३ फूट रुंद, दीड फुटाहून थोडं जास्त खोल आणि साडेसहा फूट उंच आहे. त्याचे झाले ३१ घनफूट. दोन दारांचा फ्रिज २ बाय सव्वादोन बाय ५, म्हणजे २३. वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन १२. तीन जणांचा सोफा ६ फूट लांब, पावणेतीन फूट खोल आणि तेवढाच उंच. तो एकटा ४५ घनफूट घेतो. ५ बाय सव्वासहाचा लाकडी बेड उभा असताना प्रचंड दिसतो, पण स्क्रू काढून फळ्या एकावर एक लावल्या तर त्याचा पाऊण फूट जाडीचा गठ्ठा होतो, सुमारे २३ घनफूट. त्यावरची अर्धा फूट जाड गादी १६. जेवणाच्या टेबलाचे पाय सोडवले तर फळी ३ घनफूट. चार खुर्च्या दोन-दोन करून बैठकीला बैठक लावून उलट्या ठेवल्या तर दोन जोड्यांचे १८. बत्तीस इंची टीव्ही खोक्यासकट ३.

या मोठ्या वस्तू सगळ्यांना आठवतात. हिशोब चुकतो तो खोक्यांत. दीड फूट लांब, रुंद आणि उंच असं पुठ्ठ्याचं खोकं जवळजवळ साडेतीन घनफुटांचं असतं. किती खोकी लागतील हे डोळ्यांनी ठरवू नये, फडताळं आणि माळे मोजून ठरवावं. ६ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच माळा गच्च भरलेला असेल तर तो २४ घनफूट, म्हणजे ७ खोकी. स्वयंपाकघराचे ओटे आणि मांडण्या याच रीतीने मोजायच्या. आपल्या उदाहरणातल्या घरात २० खोकी निघतात, त्यांचे सुमारे ६८ घनफूट. अंथरुणं, पांघरुणं आणि कपड्यांच्या बोचक्यांचे २०. बादल्या, पिंप, शेगडी, इस्त्रीचा टेबल, कुंड्या, गणपतीचं मखर अशा कुठेच न बसणाऱ्या सामानाचे आणखी २० धरावेत. हे शेवटचे २० यादीत लिहायला लोक विसरतात, कारण त्यातलं बरंचसं गॅलरीत किंवा दारामागे असतं.

सगळी बेरीज येते २८२ घनफूट.

आता गाडी. ४०७ मध्ये कपाटाच्या उंचीइतकं, म्हणजे साडेसहा फूट भरायचं ठरवलं तर १० गुणिले ६ गुणिले साडेसहा, ३९० घनफूट होतात. पण फर्निचर विटांसारखं एकमेकाला चिकटून बसत नाही. सोफ्याच्या बैठकीवर, खुर्च्यांच्या पायांत, फ्रिजच्या मागे पोकळी राहतेच. म्हणून गाडीच्या घनफुटांचे तीन चतुर्थांशच आपले धरावेत. ३९०चे तीन चतुर्थांश २९२. आपलं सामान २८२, म्हणजे जेमतेम मावतं.

छोटा हत्ती ६ फुटांपर्यंत भरला तर त्याचे सुमारे २०० घनफूट, कामाचे १५०. दोन खेपांत ३००, म्हणजे कागदावर तोही चालतो, पण दोन्ही खेपांत साडेसहा फुटी कपाटाला आणि ६ फुटी सोफ्याला त्या लहान हौद्यात जागा शोधावी लागते. पिकअपचे कामाचे घनफूट सुमारे २२३, त्यामुळे एका खेपेत ती पुरत नाही. कोथरूड ते चिंचवड दोनदा जाण्यापेक्षा ४०७ची एक खेप बरी, असा निर्णय झाला असं समजू.

अडचण उंचीची नाही, जमिनीची

घनफुटांनी "मावतं" असं सांगितलं तरी गाडी भरताना सामान उरतं, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचं कारण सोपं आहे. काही वस्तूंवर दुसरी वस्तू ठेवता येते, काहींवर नाही. खोक्यावर खोकं चढतं, सोफ्यावर चढत नाही. फ्रिजवर हलकं बोचकं ठेवता येईल, पुस्तकांचं खोकं नाही. ज्या वस्तूवर काही ठेवता येत नाही ती वस्तू आपल्या पायाखालची जमीन तर खातेच, शिवाय डोक्यावरची सगळी हवाही वाया घालवते. म्हणून खरी टंचाई हौद्याच्या चौरस फुटांची असते. ४०७ मध्ये ते ६० आहेत.

आपला सोफा घरात असतो तसा आडवा ठेवला तर ६ गुणिले पावणेतीन, म्हणजे साडेसोळा चौरस फूट जमीन जाते, हौद्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. तोच सोफा एका हातावर उभा केला तर त्याचा पाया पावणेतीन बाय पावणेतीन, साडेसात चौरस फुटांचा होतो. वाचलेल्या ९ चौरस फुटांत खोक्यांच्या चार थप्प्या बसतात. प्रत्येक थप्पी तीन खोक्यांची धरली तरी १२ खोकी. घनफूट तेवढेच राहिले, पण एका सोफ्याची ठेवण बदलल्याने अर्ध्याहून जास्त खोक्यांना जागा झाली.

कपाटाचंही असंच. उभं असताना ते ५ चौरस फूट घेतं, कुशीवर आडवं केलं तर १० हून थोडं जास्त आणि पाठीवर झोपवलं तर साडेएकोणीस. म्हणून गाडीची उंची आधी विचारायची. बंद गाडीत कपाट कुशीवर न्यावं लागलं तर खोक्यांच्या दोन थप्प्यांची जमीन गेली असं समजून नकाशा पुन्हा काढावा.

चौकटींच्या वहीतला नकाशा

वहीच्या पानावर एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरावी. हौदा २० चौकटी लांब आणि १२ चौकटी रुंद होतो. प्रत्येक मोठ्या वस्तूचा पाया त्याच प्रमाणात कागदाचा कापून त्यावर नाव लिहावं आणि तुकडे सरकवून पाहावेत. भरायची सुरुवात केबिनच्या बाजूने होते, म्हणून नकाशाही तिथूनच.

पहिली ओळ केबिनच्या भिंतीला टेकून. ३ फुटांचं कपाट, त्याच्या शेजारी २ फुटांचा फ्रिज. ६ फूट रुंदीतला १ फूट उरतो. त्या फटीत टेबलाची फळी उभी करायची आणि तिच्यालगत गुंडाळलेल्या सतरंज्या, पडद्यांचे दांडे. ही ओळ अडीच फूट खोल होते. कपाटाची खोली कमी असल्याने त्याच्यापुढे जवळजवळ पाऊण फुटाची फट राहते. तिथे दोन गोधड्यांच्या मधे टीव्ही उभा राहतो.

दुसरी गोष्ट बेड आणि गादी. पहिल्या ओळीनंतर डाव्या फाळक्याला लागून बेडच्या फळ्यांचा गठ्ठा लांबीला उभा करायचा आणि त्याला चिकटून आतल्या बाजूला गादी. पाऊण फूट आणि अर्धा फूट मिळून सव्वा फुटाचा पट्टा जातो. तो अडीच फुटांपासून पावणेनऊ फुटांपर्यंत पोचतो. फळ्यांच्या आणि बाकीच्या सामानाच्या मधे गादी आल्याने फळ्यांचे कोपरे कशालाच घासत नाहीत. कापसाची गादी असेल तर ती गुंडाळता येते. स्प्रिंगची गादी मात्र दुमडू नये, उभीच न्यावी.

आता रुंदीत पावणेपाच फूट उरले. सोफा उभा केला की पावणेतीन फूट जातात, शेजारी वॉशिंग मशीनचे २ फूट. ओळ बरोबर भरली. सोफ्याची बैठक आता उभ्या कोनाड्यासारखी दिसते. उशा आणि लोड तिथे कोंबावेत. या ओळीनंतर आपण केबिनपासून सव्वापाच फुटांवर आलो.

मागे उरते पावणेपाच बाय पावणेपाच फुटांची चौकोनी जागा. त्यात दीड फुटांचे तीन गुणिले तीन, असे ९ चौकोन बसतात. दोन चौकोनांत खुर्च्यांच्या जोड्या. सातांत खोक्यांच्या थप्प्या, तीन-तीनच्या. होतात २१ खोक्यांच्या जागा आणि आपली खोकी आहेत २०. थप्प्यांची उंची साडेचार फूट. त्यांच्यावर बोचकी, मशीनवर कुंड्यांखेरीजचं फुटकळ सामान, आणि गादीच्या पट्ट्यामागे उरलेल्या सव्वा फुटी कोपऱ्यात एकात एक घातलेल्या बादल्या आणि कुंड्या.

सोफा आडवाच न्यायचा हट्ट धरला असता तर नकाशा कुठे अडकला असता तेही वहीत दिसतं. सोफा अडीच ते साडेआठ फुटांपर्यंत पसरतो आणि त्याच्यामागे फक्त दीड फूट उरतो. मशीन आणि खुर्च्या सोफ्याच्या बाजूच्या २ फुटी बोळात जातात. वीसपैकी बहुतेक खोक्यांना जमीनच राहत नाही. घनफूट २८२ च होते आणि तरीही सामान उरलं असतं.

वजन कुठे आडवं येतं

आपल्या उदाहरणातलं सगळं सामान पाऊण टनाच्या आसपास भरतं. ४०७ जातीची गाडी दोन टनांच्या पुढे वाहते. त्यामुळे घरसामानात जागा आधी संपते, वजन नाही. अपवाद पुस्तकांचा. एक घनफूट भरगच्च पुस्तकं साधारण २० किलोंची असतात. छोटा हत्तीच्या ३३ चौरस फुटांच्या हौद्यात पुस्तकांचा फक्त एक फुटाचा थर लावला तर साडेसहाशे किलो झाले, आणि ती गाडी वाहते सुमारे सातशे-साडेसातशे. वरची सगळी गाडी रिकामी दिसत असताना ती भरलेली असते. म्हणून पुस्तकं लहान खोक्यांत भरावीत आणि प्रत्येक थप्पीच्या तळाला एक-एक वाटून द्यावीत. दीड फुटी खोकं पुस्तकांनी भरलं तर ते ६०-७० किलोंचं होईल, उचलताना तळ फाटेल.

वजन कुठे ठेवलं यालाही अर्थ आहे. कपाट, फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी केबिनकडे आणि दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली असावी. ब्रेक मारला की सामान पुढे सरकतं. भिंतीला टेकलेलं कपाट सरकायला जागाच नसते, पण मधे एक फूट रिकामा असला तर ते त्या एका फुटात वेग घेऊन आदळतं. उलट, जड सामान मागच्या चाकांच्याही मागे ठेवलं तर गाडीचं तोंड उचललं जातं आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. चालकाला स्टिअरिंग हलकं लागतं. तो तसं म्हणाला तर सामान पुढे घ्यावंच.

फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. नाइलाजाने आडवा न्यावा लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. ते मशीन विकत घेताना मागून काढलेले लांब बोल्ट जपून ठेवले असतील तर ते पुन्हा लावावेत, नाहीतर ड्रम खड्ड्याखड्ड्याला आपटतो.

सव्वापाच फुटांची रेघ

नकाशा बरोबर होता की नाही हे गाडी पूर्ण भरेपर्यंत थांबून कळण्यात फायदा नाही. आपल्या नकाशात केबिनपासून सव्वापाच फुटांवर एक रेघ आहे. त्या रेघेच्या आत सगळं मोठं फर्निचर गेलेलं असायला हवं, आणि बाहेर फक्त खोकी, खुर्च्या, बोचकी आणि फुटकळ सामान उरायला हवं. हौद्याच्या कडेवर खडूने तशी खूण करावी. गाडी तिथवर भरली आणि खाली अजून कपाट किंवा मशीन उभं असेल, तर तिथेच थांबून दोन वस्तू उतरवून पुन्हा लावाव्यात. याच वेळी दहा मिनिटं जातात. हेच शेवटी लक्षात आलं तर अर्धी गाडी उपसावी लागते.

दोरही टप्प्याटप्प्याने बांधावा. पहिली ओळ लागली की तिच्यावरून एक दोर, उभा सोफा लागला की त्याला बाजूच्या कड्यांशी दुसरा, आणि शेवटी ताडपत्रीवरून तिसरा. शेवटी एकच मोठा दोर ताणला तर तो वरच्या बोचक्यांना आवळतो आणि आतला सोफा मोकळाच डुलत राहतो. रस्त्याला लागल्यावर काही किलोमीटरांनी गाडी थांबवून दोर चाचपावा. खड्ड्यांनी सामान बसतं आणि दोर सैल पडतो.

हमालांच्या मुकादमाला नकाशा आधी दाखवावा. त्याला उभं कपाट डुलण्याची भीती वाटली तर त्याचं ऐकावं, पण कपाट कुशीवर गेलं की कुठल्या दोन थप्प्या हलवायच्या हे लगेच सांगता यावं. एक गोष्ट मात्र त्याच्या सांगण्यावरूनही मान्य करू नये. मागचा फाळका उघडा टाकून बेडच्या फळ्या बाहेर लोंबकळत न्यायच्या नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे आणि बाहेर आलेला माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

यादी २९२ घनफुटांच्या पुढे गेली किंवा नकाशात एखादा तुकडा बसलाच नाही, तर मोठी गाडी मागवण्याआधी त्या वस्तूने किती जमीन अडवली आणि तिच्यावर काय ठेवता येतं ते पाहावं. उभा न राहणारा, ज्यावर काही ठेवता येत नाही असा जुना दिवाण बारा-तेरा चौरस फूट खातो. त्या जागेत खोक्यांच्या पाच थप्प्या, म्हणजे १५ खोकी जातात. एवढ्या जागेसाठी १४ फुटी गाडीचं जादा भाडं भरायचं, की दिवाण इथेच विकून नव्या घरी गरजेप्रमाणे दुसरा घ्यायचा, हे त्या पानावर दोन आकडे शेजारी मांडले की ठरवता येतं.